फक्त चेहऱ्याचा फोटो, आणि चित्र मात्र पायापर्यंतचं

प्रश्न: माझ्याकडे आजीचा एकच फोटो आहे, बँकेच्या पासबुकावरचा, मानेपर्यंतचा. घरच्यांना तिचं उभं, पायापर्यंतचं तैलचित्र हवंय. चेहरा मी जमवतो, पण खाली शरीर काढलं की सगळे म्हणतात, "ही आजी वाटत नाही." नुसत्या चेहऱ्यावरून उंची आणि बांधा कसा ठरवायचा?

उत्तर:

चेहऱ्यावरून उंची ठरवता येत नाही. ती माहिती चेहऱ्यात नसतेच, त्यामुळे कितीही बारकाईने बघितलं तरी ती सापडणार नाही. मोठ्या माणसांच्या उंचीत सहज फूटभराचा फरक असतो, पण हनुवटीपासून टाळूपर्यंतचं डोकं बायकांचं साधारण २० ते २२ सेंटिमीटर आणि पुरुषांचं त्याहून सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर मोठं, एवढ्यातच असतं. पाच फुटांची बाई आणि साडेपाच फुटांची बाई, दोघींचे मानेपर्यंतचे फोटो शेजारी ठेवले तर कोण उंच हे कुणालाच सांगता येणार नाही. तुम्ही शरीर काढता तेव्हा उंची कुठून तरी येतेच. ती फोटोतून आलेली नसेल, तर हाताच्या सवयीतून आलेली असते.

घोटाळा बहुतेक वेळा या सवयीचाच असतो. चित्रकलेच्या वर्गात आपल्याला आठ डोक्यांची आकृती शिकवतात. ती दिसायला देखणी असते, म्हणून हाताला तीच बसते. आजीचं डोकं २१ सेंटिमीटर धरलं आणि आठ डोकी मोजली तर बाई १६८ सेंटिमीटरची होते. आपल्याकडच्या बायकांची सरासरी उंची १५२ च्या आसपास आहे, आणि आजीच्या पिढीत त्याहून कमीच. म्हणजे घरच्यांसमोर तुम्ही अर्धा फूट जास्त उंचीची बाई उभी केलीत. चित्राला पट्टी लावून कुणी बघत नाही. बघणारा उंची वाचतो ती डोक्याच्या पटीत, आणि कठडा, दार, खुर्ची अशा शेजारच्या वस्तूंवरून. १५२ च्या बाईला २१ सेंटिमीटरचं डोकं असेल तर ती सव्वासात डोक्यांची होते. आठ आणि सव्वासात यांतला फरक कागदावर छोटा वाटतो, पण ज्यांनी त्या बाईच्या हातचं खाल्लंय त्यांना तो दारातूनच कळतो.

तेव्हा चेहऱ्याकडून एकच गोष्ट घ्यायची, ती म्हणजे मापाचा एकक. उंची आणि बांधा बाहेरून आणायचा. कसा, ते लालबागच्या एका घरासाठी केलेल्या कामावरून सांगतो. ते काम तुमच्यासारखंच होतं. आई जाऊन बरीच वर्षं झालेली, चाळ पुनर्विकासाला जाणार, आणि तीन भावंडांना आईचं गॅलरीत उभं असलेलं चित्र नव्या घरासाठी हवं होतं. हातात पासबुकावरचा फोटो होता आणि त्यावरूनच मोठा करून घेतलेला भिंतीवरचा फोटो. धाकटा मुलगा म्हणाला, "आई चांगली उंच होती, थोराड." थोरली मुलगी म्हणाली, "काहीतरीच काय, लहान चणीची होती ती."

पहिलं काम फोटो खरा आहे का हे बघायचं, आणि त्यासाठी बुबुळासारखी दुसरी खूण नाही. समोरून बघणाऱ्या माणसाचं बुबुळ जवळजवळ गोल असतं. वरचा भाग पापणीखाली झाकलेला असतो, खालचाही थोडा, पण डाव्या-उजव्या कडांचे कंस स्वच्छ दिसतात. स्कॅन मोठा करून त्या कंसांवर एक नेमकं वर्तुळ बसवून बघायचं. भिंतीवरच्या फोटोत ते बसेना. कंस आडव्या लंबगोलाचे होते, रुंदी उंचीपेक्षा सुमारे सात टक्के जास्त. पासबुकावरच्या मूळ फोटोत वर्तुळ बरोबर बसलं. फ्रेमच्या मापात बसवण्यासाठी कुणीतरी फोटो आडवा ताणला होता. सात टक्के ताणलेला चेहरा ताणलेला वाटत नाही, तो भरलेला वाटतो. धाकट्या मुलाच्या मनातली थोराड आई निम्मी तिथून आली होती. वर्षानुवर्षं हार घातला जात होता तो त्या ताणलेल्या फोटोला.

फोटो किती अंतरावरून काढलाय हेही याच वेळी बघा. पासबुकाचा फोटो स्टुडिओतला असेल तर फारशी अडचण नसते. पण एखाद्या नातवाने मोबाइल जवळ धरून काढलेला असेल, तर नाक कॅमेऱ्यापासून ४० सेंटिमीटरवर आणि कान ५२ वर, असा प्रकार होतो. मग कान नाकाच्या मानाने जवळजवळ पाव भागाने लहान दिसतात, गाल मागे पळतात आणि चेहरा निमुळता होतो. तोच चेहरा दोन मीटरवरून काढला तर हा फरक सहा टक्क्यांच्या आत येतो. म्हणजे जवळच्या फोटोत माणूस बारीक वाटतो, लांबच्या फोटोत भरदार, आणि दोन्ही वेळा त्याचं वजन तेच असतं. कान अर्धवट लपलेले आणि नाक मोठं दिसलं की त्या चेहऱ्यावरून बांध्याचा कुठलाही अंदाज बांधू नका.

आता एकक. मोठ्या माणसाच्या बुबुळाची आडवी रुंदी जवळपास सगळ्यांची सारखी असते, साधारण पावणेबारा मिलिमीटर. शरीरात इतकं स्थिर माप दुसरं क्वचितच मिळतं, म्हणून चेहऱ्याच्या फोटोत तीच आपली पट्टी. लालबागच्या त्या आईचा पासबुकावरचा फोटो मी मोठ्या रिझोल्यूशनला स्कॅन केला, म्हणजे बुबुळाची रुंदी ६० पिक्सेलपर्यंत आली. स्कॅन लहान ठेवला आणि बुबुळ वीस-पंचवीस पिक्सेलचंच राहिलं, तर एका पिक्सेलची चूकही डोक्याच्या मापात जवळजवळ सेंटिमीटरची होते. ६० पिक्सेल म्हणजे ११.७ मिलिमीटर, तर हनुवटी ते टाळू भरले १०७५ पिक्सेल, म्हणजे सुमारे २१ सेंटिमीटर. टाळूची रेघ केसांच्या वरून नाही, केसांची जाडी वजा करून धरायची. तेल लावून चापून बसवलेल्या केसांत ती सेंटिमीटरभर असते.

इथे दोन फसवणुकी आहेत. म्हाताऱ्या माणसाच्या बुबुळाभोवती पांढुरकी कडा येते. फोटोत ती डोळ्याच्या पांढऱ्यात मिसळते आणि बुबुळ आहे त्यापेक्षा लहान मोजलं जातं. मग डोकं अवाच्या सवा मोठं निघतं. बाईच्या डोक्याचं माप २३ च्या पुढे गेलं तर आधी ही कडा तपासा. दुसरी फसवणूक दातांची. दात गेलेले आणि कवळी न लावलेली असेल तर जबडा वर येतो आणि चेहऱ्याची खालची बाजू आखूड होते. तशा फोटोतलं डोकं एकक म्हणून वापरलं तर सगळं शरीर त्या प्रमाणात आक्रसतं.

एकक मिळाला, उंची अजून नाही. ती मिळाली एका लग्नाच्या फोटोतून, आणि हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण अशा फोटोकडे लोक "यात आई दिसतच नाही" म्हणून दुर्लक्ष करतात. थोरल्या मुलीच्या लग्नात चाळीच्या गॅलरीत काढलेला फोटो होता. आई मागच्या रांगेत, पुढे माणसांची भिंत, आणि आईचं फक्त डोकं दिसतंय, तेही डोक्यावर पदर. घरच्यांच्या दृष्टीने बाद फोटो. पण त्याच फोटोत कडेला जावई पायापासून डोक्यापर्यंत पूर्ण उभे होते.

कॅमेरा सरळ धरलेला असला, वर किंवा खाली वाकवलेला नसला, तर त्या फोटोत कॅमेऱ्याच्या उंचीवर एक आडवी रेषा असते. तिला आपण क्षितिजरेषा म्हणतो. सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या सगळ्या माणसांना ती रेषा जमिनीपासून एकाच उंचीवर कापते, मग माणूस पुढे असो की मागे. कॅमेरा १५५ सेंटिमीटरवर असेल, तर पुढच्या माणसालाही ती १५५ वर कापते आणि दहा फूट मागच्या माणसालाही १५५ वरच. पाय दिसायची गरज नाही. म्हणून नुसतं डोकं दिसणाऱ्या माणसाचीही उंची निघते.

रेषा शोधायला गॅलरीच कामाला आली. कठड्याची वरची कड आणि दारांच्या चौकटींच्या वरच्या कडांची रांग, या दोन्ही प्रत्यक्षात एकमेकींना समांतर आणि आडव्या. फोटोत त्या लांब वाढवल्या की एका बिंदूत मिळतात, आणि त्या बिंदूतून आडवी काढलेली रेषा म्हणजे क्षितिजरेषा. चौकटींच्या उभ्या बाजू एकमेकींना समांतर दिसत होत्या, म्हणजे कॅमेरा वाकवलेला नव्हता. त्या वर-खाली निमुळत्या होत असत्या तर हे गणित मी इतक्या विश्वासाने केलं नसतं.

मोठ्या केलेल्या प्रतीवर जावई पायापासून टाळूपर्यंत १४० मिलिमीटर भरले, आणि क्षितिजरेषा त्यांना पायापासून १२९ मिलिमीटरवर कापत होती. जावयांची तेव्हाची उंची १६८. आज मोजली तर १६६ भरते, पण चाळिशीनंतर माणूस दर दहा वर्षांनी साधारण सेंटिमीटरभर खचतो, म्हणून जुनी उंची धरली. १२९ भागिले १४०, गुणिले १६८, म्हणजे जवळपास १५५. कॅमेरा १५५ सेंटिमीटरवर होता. आता आईकडे यायचं. तिचं डोकं प्रतीवर १७ मिलिमीटरचं, आणि डोक्याचा वरचा काठ क्षितिजरेषेच्या २ मिलिमीटर खाली. १७ मिलिमीटर म्हणजे २१ सेंटिमीटर, तर २ मिलिमीटर म्हणजे अडीच सेंटिमीटर. १५५ उणे अडीच, म्हणजे १५२.५. पदर आणि केस यांचा सेंटिमीटरभर काढला की राहते साधारण १५१ ते १५२.

यात आणखी एक सोय आहे. डोक्याच्या मापात माझी सेंटिमीटरची चूक असती तरी उत्तर हललं नसतं, कारण त्या मापाने आपण फक्त रेषेपासूनचं ते दोन मिलिमीटरचं अंतर बदलून घेतोय. माणसाचं डोकं क्षितिजरेषेच्या जितकं जवळ, तितकं उत्तर पक्कं. उलट फोटो गच्चीवरून किंवा जिन्यातून खाली बघत काढलेला असेल तर ही पद्धत चालत नाही. आणि ती बाई पायरीवर, उंबरठ्यावर किंवा पाटावर उभी नव्हती ना, हे पारखावं लागतं. आमच्या फोटोत ती दोन दारांच्या मधल्या भिंतीशी होती, म्हणजे उंबरठ्याचा प्रश्न नव्हता, आणि लग्नघराच्या गॅलरीत पायात चप्पल घालून कुणी उभं राहत नाही.

पडताळा आठवणीतून घेतला. आठवण विचारण्याचीही एक रीत आहे. "आई किती उंच होती?" असं विचारलं तर "मध्यम" किंवा "तुझ्याएवढी" असं उत्तर येतं, त्याचा उपयोग नाही. मी थोरल्या मुलीला भिंतीला टेकून उभं केलं आणि विचारलं, "आई शेजारी उभी राहिली की तिचं डोकं तुमच्या कुठे लागायचं? हात लावून दाखवा." तिने कपाळाच्या मध्यावर बोट ठेवलं. तिची उंची तेव्हा १५८, आणि कपाळाचा मध्य टाळूच्या साधारण सहा सेंटिमीटर खाली. म्हणजे पुन्हा १५२. हा प्रश्न विचारायचा तो आई हयात असताना जे पूर्ण वाढलेले होते त्यांनाच. धाकट्याच्या मनात आई उंच होती ती त्याच्या लहानपणापासूनची. ती आठवण खोटी नाही, पण मापाला चालत नाही.

चाळ अजून उभी होती, म्हणून आम्ही जाऊन कठडाही मोजून आणला, ९१ सेंटिमीटर भरला. चित्रात आई गॅलरीत उभी राहायची होती, त्यामुळे हा आकडा फार मोलाचा. १५२ च्या बाईला ९१ चा कठडा कमरेशी येतो, बेंबीच्या जवळपास. हाच कठडा तुम्ही खाली, मांडीच्या सांध्याशी काढलात, तर बाकी सगळं बरोबर असूनही ती बाई जवळजवळ सहा फुटांची दिसेल, कारण मांडीचा सांधा शरीराच्या मध्यावर असतो. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण खटकतं. मुंबईत ज्यांच्या घरचं चित्र चाळीच्या किंवा जुन्या घराच्या पार्श्वभूमीवर हवंय, त्यांनी इमारत पाडायच्या आत कठडा, दाराची चौकट आणि जिन्याची पायरी, एवढं तरी टेपने मोजून ठेवावं. एकदा पत्रे लागले की आत जाता येत नाही.

आता बांधा. चेहऱ्यावरून बांधा काढायचा मोह उंचीपेक्षा जास्त असतो, कारण गाल दिसत असतात. पण वय वाढलं की गालांतली चरबी कमी होते आणि कमरेवरची तशीच राहते, किंवा वाढते. बायकांच्या बाबतीत तर चेहरा कंबर-मांड्यांबद्दल फारच कमी सांगतो. मान आणि खांद्याचा उतार थोडं सांगतात, पण पासबुकाच्या फोटोत नेमके तेच कापलेले असतात किंवा पदराखाली असतात. फोटोत मानेचा थोडासा जरी भाग असेल तर तिची रुंदी जबड्याच्या रुंदीशी ताडून बघा आणि मानेची बाजू कुठे बाहेर वळायला लागते ती जागा नीट टिपा. तेवढं वळण खरं आहे, ते बदलू नका.

बाकीचं ट्रंकेतून निघतं. कपडे जपलेले असतात, विचारलं नाही तर कुणी सांगत नाही, कारण चित्राला त्यांचा काय उपयोग असं लोकांना वाटतं. त्या घरात आईचे दोन ब्लाउज आणि एक परकर निघाला. ब्लाउज हा बांध्याचा सर्वांत चांगला साक्षीदार आहे, कारण तो अंगालगत शिवलेला असतो. मी ते शिंप्यासारखे टेबलावर पसरून मोजले. मागून खांदा साडेतेरा इंच, छातीचा घेर ३४, दंडाशी बाहीचा घेर साडेदहा. ही थोराड बाईची मापं नव्हेत. खांद्याचं शिवणीपासून शिवणीपर्यंतचं माप सर्वांत आधी कागदावर उतरवा, कारण हाडांची रुंदी त्यात आहे आणि ती वजनाबरोबर बदलत नाही. साडेतेरा इंच म्हणजे ३४ सेंटिमीटर, २१ च्या डोक्याच्या दीडपटीहून थोडं जास्त. त्यावर दंडांची गोलाई बाहेरून धरायची. वर्गात शिकवलेली दोन डोकी रुंदीची खांद्याची रेघ इथे चालली नसती.

ब्लाउज उलटा करून शिवणी बघितल्या तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. काखेखालच्या शिवणीच्या आत जी माया सोडलेली असते, तिच्यात जुन्या टिपेची ओळ दिसत होती. दोरा उसवलेला, पण सुईच्या भोकांची रांग कापडात शिल्लक. दोन्ही बाजूंनी मिळून घेर कधीतरी दोन इंचांनी सोडवला होता. म्हणजे ब्लाउज शिवला तेव्हाची बाई ३२ची, नंतरची ३४ची. पासबुकाचा फोटो उतारवयातला, तेव्हा शरीर ३४चं काढायचं. मुलांनी सांगितलं असतं की आई तरुणपणीची दाखवा, तर ३२ घेतलं असतं, पण मग चेहराही बदलावा लागला असता. साठीतला चेहरा आणि तिशीतलं शरीर, हा प्रकार मी अनेक घरांच्या भिंतींवर बघतो, आणि त्यात माणूस हरवतो.

परकरातून दोन गोष्टी मिळाल्या. लांबी ३५ इंच, म्हणजे ८९ सेंटिमीटर. घोट्याशी जमिनीपासून तीन-चार सेंटिमीटर सोडले तर नाडी बांधायची जागा जमिनीपासून ९२-९३ वर येते, आणि १५२ च्या बाईची कंबर तिथेच असायला हवी. उंचीचा हिशोब असा तिसऱ्या बाजूने जुळला, शिवाय पाय आणि धड यांचं प्रमाणही कळलं. परकराला नाडी असल्याने कंबरेचा घेर थेट मिळत नाही. पण रोज एकाच ठिकाणी गाठ पडून नाडीवर दबल्याची आणि मळाची खूण राहिली होती. तिथे धरून मोजलं तर ३१ इंच. आणि एका डब्यात काचेच्या बांगड्या होत्या, दोन-चारच्या मापाच्या, म्हणजे आतला व्यास सव्वादोन इंच. बांगडी हाताच्या पंजावरून जावी लागते, म्हणून ती मनगटापेक्षा पंजाचं माप जास्त सांगते. सव्वादोनची बांगडी जाते तो पंजा लहान, अरुंद. चित्रात हात कठड्यावर ठेवायचे होते, त्यामुळे हे माप फार उपयोगी पडलं. नऊवारी नेसणाऱ्या आजी असतील तर परकर मिळणार नाही. मग ब्लाउज आणि बांगड्या यांवर भिस्त ठेवा.

एवढं झाल्यावर मगच मी कोळसा हातात घेतला. चेहरा न काढता फक्त बाह्याकृती, पूर्ण उंचीची, पदर आणि निऱ्यांसकट. त्याच्या तीन आवृत्त्या केल्या. एक मोजमापांची, एक तिच्याहून सात-आठ सेंटिमीटर उंच, आणि एक मोजमापांच्याच उंचीची पण अंगाने भरलेली. तिन्ही भिंतीवर खऱ्या मापात लावल्या, पाय जमिनीला टेकवून. भावंडांना एकेकटं आत बोलावलं, कारण एकत्र असले की थोरली बोलते आणि बाकीचे मान डोलावतात. चेहरा नसणं इथे गरजेचं आहे. ओळखीचा चेहरा दिसला की माणूस खालच्या शरीराला कशालाही होकार देतो, आणि खटकणं नंतर, चित्र घरी लागल्यावर सुरू होतं. तिघांनीही मोजमापांचीच निवडली. धाकटा आकृतीशेजारी जाऊन उभा राहिला, आपला खांदा तिच्या डोक्याशी लावून बघितला आणि म्हणाला, "हो, मिठी मारली की हनुवटी तिच्या डोक्यावर टेकायची." हे त्याने आधी सांगितलं नव्हतं, कारण कुणी तसं विचारलं नव्हतं.

उभं राहण्याची ढबही याच वेळी विचारून घ्या. एका पायावर भार देऊन उभी राहायची का, पाठीला बाक होता का, हात कुठे असायचे. सुरुवातीच्या रेखाटनात मी पाठ सरळ ठेवली होती. थोरलीने सांगितलं की आईला शेवटी थोडा बाक आला होता. बाक आला की उभी उंची तीन-चार सेंटिमीटर कमी दिसते, पण हाडं तेवढीच असतात. म्हणून डोक्यांची पट कमी करून माणूस आखूड करायचा नाही. पाठ वाकवायची, मान पुढे आणायची आणि हात आहेत तेवढेच लांब ठेवायचे. मग ते म्हातारपणीचं शरीर दिसतं, ठेंगण्या बाईचं नाही.

चित्राची क्षितिजरेषा डोळ्यांच्या जवळपास ठेवा, कारण फोटोतला चेहरा बहुधा डोळ्यांच्या उंचीवरून घेतलेला असतो. समोरून दिसणाऱ्या चेहऱ्याखाली कमरेच्या उंचीवरून बघितलेलं शरीर जोडलं की ती व्यक्ती चौथऱ्यावर उभी असल्यासारखी थोर दिसते. पुतळ्याला ते शोभतं. घरातल्या आजीला नाही. क्षितिज डोळ्यांशी ठेवलं की जमीन वरून दिसायला हवी, पावलं थोडी वरून दिसायला हवीत, आणि निऱ्यांचा खालचा काठ सरळ रेघेऐवजी खाली झुकलेला कंस व्हायला हवा. हा कंस उलटा किंवा सपाट पडला की चेहरा आणि पाय दोन वेगळ्या माणसांचे होतात.

तुमच्याकडे यातलं काहीच निघालं नाही, कपडे नाहीत, दुसरा फोटो नाही, उंची सांगणारं कुणी नाही, अशीही वेळ येते. तेव्हा उंची ठरवूच नका. घरच्यांना बसलेलं चित्र सुचवा, पाटावर किंवा खुर्चीत, पदर अंगभर, आणि शेजारी दार, कठडा, कपाट असं मापाचं काही नको. बसलेल्या माणसात उंचीचा निम्म्याहून थोडा जास्त भागच दिसतो, आणि माणसामाणसांतला उंचीचा बराचसा फरक पायांत असतो, म्हणून चूक लपते. उभंच हवं असा आग्रह असेल तर सात ते साडेसात डोक्यांच्या आत राहा, खांदे दीडपटीच्या आसपास ठेवा, आणि पार्श्वभूमी मोकळी सोडा. घरच्यांना स्पष्ट सांगा की चेहरा फोटोवरून आहे आणि बाकी अंदाज आहे. पूर्णाकृतीचे पैसे जास्त मिळतात म्हणून हे सांगायचं टाळणारे आहेत. मला ते पटत नाही, कारण पुढची पिढी त्या चित्रालाच आजी मानणार असते.

तुमच्या बाबतीत आधी पासबुकाचा फोटो मोठ्या रिझोल्यूशनला स्कॅन करा, बुबुळावर वर्तुळ बसवून बघा आणि डोक्याचं माप काढा. मग घरातले सगळे लग्नाचे, मुंजीचे, बारशाचे अल्बम मागवा आणि आजीचं नुसतं डोकं दिसणारे फोटो बाजूला काढा, विशेषतः ज्यांत उंची माहीत असलेलं कुणीतरी पूर्ण उभं आहे असे. आजीच्या मुली-सुना हयात असतील तर ट्रंक उघडायला त्यांना सांगा, नातवंडांना त्यात काय आहे ते माहीत नसतं. आणि पावलं काढताना एक लक्षात ठेवा: पाऊल उंचीच्या साधारण १५ टक्के असतं, म्हणजे १५२ च्या बाईचं २३ सेंटिमीटर, तिच्या डोक्याहून थोडं लांब. साडीखालून नुसती बोटं आणि जोडवी दिसणार असतील तरी आधी पूर्ण पाऊल काढून मग निऱ्या त्यावर टाका. नुसती बोटं काढायला गेलं की पाऊल हमखास लहान पडतं.